वाइंडिंगच्या पुढे काय शिकू: सोलर, पीएलसी की ड्राइव्ह?

*नमस्कार सर. मी 32 वर्षांचा आहे, आयटीआय इलेक्ट्रिशियन. वाडीला माझं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, मदतीला एक पोरगा आहे. पंखे आणि घरच्या पंपांचं काम दरवर्षी कमी होऊन राहिलं आहे, लोक नवीनच घेतात. हिंगणा एमआयडीसीतल्या काही कंपन्यांच्या मोटारी येतात, त्यावर दुकान चाललं आहे. आता काहीतरी नवीन शिकावं म्हणतो. सीताबर्डीचा एक क्लासवाला पीएलसी-स्काडाच्या तीन महिन्यांचे 45 हजार सांगतो. मित्र म्हणतो सोलर शिक, मेहुणा म्हणतो ईव्हीचा जमाना आहे. पैसा एकाच गोष्टीत घालू शकतो आणि दुकान बंद ठेवता येत नाही. मागणी कशाला आहे आणि मला काय जमेल, हे कसं ठरवू?*
*— एक वाइंडर, वाडी*

वाइंडरभाऊ,

कोणालाही पैसे देण्याआधी दुकानाची वही काढा. आलेली मोटार, एचपी, गिऱ्हाईक, तारीख, घेतलेले पैसे, एवढं तर तुम्ही लिहीत असालच. नोकरी शोधणाऱ्या माणसाने जाहिराती वाचाव्यात. दुकानदाराची मागणी जाहिरातीत छापून येत नाही, ती जळलेल्या मोटारीसोबत टेम्पोतून उतरते. मागच्या दोन वर्षांतल्या 3 एचपी आणि त्यावरच्या मोटारी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: ती काय फिरवत होती, ती कशी जळली होती, आणि ती स्टार्टरवर चालत होती की वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर. तिसरी गोष्ट वहीत नसणार. त्यासाठी कंपनीच्या मेंटेनन्सवाल्याला फोन करावा लागेल आणि तो फोन फुकट जाणार नाही, कारण त्याला पुढे आणखी एक प्रश्न विचारायचा आहे.

आधी दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलू, कारण तुमची खरी ताकद तिथे आहे. तुम्ही स्वतःला वाइंडर म्हणता, पण कॉइल भरणं हे काम तुमचा पोरगाही वर्षभरात शिकेल. मेलेली मोटार उघडून ती कशाने मेली हे सांगणं त्याला जमणार नाही. स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीत दोन फेज काळे आणि एक स्वच्छ दिसला की एक फेज गेलेला असताना ती चालत राहिली होती, हे तुम्हाला विचार न करता कळतं. डेल्टामध्ये उलट, एकच फेज काळा पडतो. तिन्ही फेज सारखेच करपले असतील तर ओव्हरलोड, किंवा हवा कमी मिळाली. हे वाचन एमआयडीसीतल्या पुष्कळ डिप्लोमावाल्यांना येत नाही, कारण त्यांनी मोटार आतून पाहिलेलीच नसते. ती जळते, ते ती पाठवून देतात, आणि भरून आली की बसवतात.

आता आठवून पाहा, अलीकडे अशा मोटारी आल्या आहेत का, ज्यांत एका फेजच्या लीडजवळचे पहिले काही टर्नच जळले आहेत आणि बाकी वाइंडिंग अगदी पिवळं, नव्यासारखं आहे? किंवा वाइंडिंग ठीक आहे, पण बेअरिंगच्या आतल्या रिंगवर कपडे धुण्याच्या पाट्यावर असतात तशा समान आडव्या रेघा पडल्या आहेत? या दोन्ही खुणा दिसल्या की पहिला संशय ड्राइव्हवर घ्यायचा, म्हणजे व्हीएफडीवर. अशा मोटारी वहीत महिन्याला एक-दोन निघत असतील, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दुकानातच पडलेलं आहे: पुढची विद्या ड्राइव्हची. निवड, जोडणी, पॅरामीटर, ट्रिप शोधणं, आणि ड्राइव्हमुळे मोटार का मरते हे गिऱ्हाइकाला सांगता येणं.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. 10 एचपीची, 4 पोलची मोटार, नेमप्लेटवर 415 व्होल्ट, सुमारे 14 अँपिअर, 1440 आरपीएम. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरवर चालते. जळून आली, तुम्ही जुन्या गेजने, जुन्याच टर्नने भरून दिली. दोन महिन्यांत परत आली आणि कंपनी म्हणते तुमचं काम कच्चं. उघडल्यावर तीच खूण, लीडजवळचे टर्न गेलेले. फोनवर विचारलंत तर कळतं की ड्राइव्ह खाली पॅनल रूममध्ये आहे, मोटार शेडच्या वर आहे आणि मधली केबल 80 मीटरची आहे.

हे असं का होतं? ड्राइव्ह आधी 415 व्होल्ट एसीचं डीसी करतो, ते साधारण 585 व्होल्ट भरतं. मग त्याचे फार जलद तुकडे करून मोटारीला देतो. तुकड्याची कड जितकी उभी आणि केबल जितकी लांब, तितका तो ठोका मोटारीच्या टोकाला आदळून वर उसळतो, आणि टर्मिनलवर जवळपास दुप्पट, म्हणजे 1,100 व्होल्टच्या वर पोहोचू शकतो. हा ठोका सगळ्या वाइंडिंगवर सारखा वाटला जात नाही, पहिले टर्न त्याचा मोठा वाटा खातात. म्हणून तेच आधी जातात, आणि म्हणूनच साध्या तारेने दहा वेळा भरली तरी ती दहा वेळा परत येईल. त्यावर उपाय म्हणजे ड्राइव्हच्या आउटपुटला चोक लावणं, म्हणजे कड कमी उभी होते. ड्राइव्ह मोटारीजवळ नेता आला तर त्याहून चांगलं. मोटार भरताना इन्व्हर्टर ग्रेडची डबल कोटची तार, टोकाच्या टर्नना जास्तीचा पेपर आणि वार्निशचे दोन हात. ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे तुकडे करण्याचा वेग, 8 किलोहर्ट्झवर असेल तर 4 वर आणता येते. त्याने ठोक्याची उंची कमी होत नाही, पण सेकंदाला बसणारे ठोके निम्मे होतात. मोटार थोडी जास्त किणकिणते, ते गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवायचं.

या एका मोटारीत भरणावळीचं बिल तर झालंच, शिवाय साइट व्हिजिट, चोक आणि सेटिंगचंही बिल झालं. पुन्हा जळली नाही तर भरणावळ बुडेल, असा हिशेब काही दुकानदार करतात. दोनदा परत आलेली मोटार तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या दुकानात जाते, हे मात्र ते त्या हिशेबात धरत नाहीत.

आता मेंटेनन्सवाल्याला विचारायचा तो दुसरा प्रश्न. "ड्राइव्हचं काम असतं का हो?" असं विचारू नका, सगळे "असतं" म्हणतील. विचारा: मागच्या वेळी ड्राइव्ह ट्रिप झाला तेव्हा कोणाला बोलावलं, तो किती वेळाने आला, त्याने काय केलं आणि किती घेतले? अशा पाच-सहा गिऱ्हाइकांची उत्तरं लिहून ठेवा. कोणी म्हणालं की आमचा माणूस अर्ध्या तासात येतो आणि रीसेट करून जातो, तर तिथे जागा नाही. कोणी म्हणालं की कंपनीचा इंजिनीअर पुण्याहून यायचा होता, दोन दिवस लाइन बंद होती, शेवटी आम्ही ड्राइव्ह काढून मोटार थेट स्टार्टरवर टाकली, तर ती मागणी. मोजायचं असेल तर गिऱ्हाइकाने किती वाट पाहिली ते मोजा, तो किती उत्साहाने बोलला ते नको. सीझनवाल्यांनाही विचारा: कळमन्याकडच्या डाळ मिल, काटोल-हिंगणघाटकडचं जिनिंग, भंडारा-गोंदियाच्या राइस मिल. सीझनमध्ये बंद पडलेल्या लाइनचा मालक दुपारपर्यंतसुद्धा थांबायला तयार नसतो. ऑफ-सीझनमध्ये तोच माणूस "पाहू" म्हणतो, तेव्हा उत्तराची तारीखही लिहून ठेवा.

बाकीचे तीन पर्याय मी का मागे ठेवतो ते सांगतो.

सोलरची मागणी खोटी नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, घरच्या 3 किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान मिळतं, आणि नागपूरच्या छतांवर ते दिसतंच आहे. पण या मागणीचा पैसा कोणाच्या हातात जातो ते पाहा. गिऱ्हाईक पकडणारा, नोंदणी असलेला आणि महावितरणची कागदपत्रं फिरवणारा व्हेंडर कमावतो. स्ट्रक्चर चढवणाऱ्याला आणि केबल ओढणाऱ्याला रोजी मिळते. शिवाय योजनेची मुदत आर्थिक वर्ष 2026-27 पर्यंतची आहे, म्हणजे आज दिसणारी गर्दी अनुदानावर उभी आहे. आणि तुमच्या हातातलं मोटारीचं ज्ञान छतावरच्या पॅनलला काहीच उपयोगाचं नाही, तिथे तुम्ही बाविशीतल्या पोरासोबत पहिल्या पायरीवर उभे राहाल. तरीही शिकायचंच असेल तर पैसे भरू नका. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र कोर्स आयटीआयवाल्यांसाठी मोफत असतो. मात्र तो 600 तासांचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांचा आहे, आणि दुकान बंद ठेवता येत नाही हे तुम्हीच लिहिलं आहे.

पीएलसी, म्हणजे मशीनला प्रोग्रॅमप्रमाणे चालवणारा कंट्रोलर, ही चांगली विद्या आहे, पण तुमच्यासाठी ती दुसरी. मशीनचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा मशीन बनवणाऱ्याने लिहिलेला आणि पासवर्डने बंद केलेला असतो. रोजच्या बंद पडण्यात प्रोग्रॅम क्वचित बिघडतो, बिघडतो तो सेन्सर, वायर, कॉन्टॅक्टर, ड्राइव्ह नाहीतर मोटार. प्रोग्रॅम लिहिण्याच्या नोकऱ्यांना दरवर्षी बाहेर पडणारी डिप्लोमा-डिग्रीची पोरं रांगेत असतात, आणि क्लासमध्ये सिम्युलेटरवर तीन महिने केलेलं काम पाहून कोणी आपली लाइन तुमच्या हातात देणार नाही.

ईव्हीबद्दल मेहुण्याला एवढंच सांगा की नव्या गाड्यांची दुरुस्ती वॉरंटीमुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते आणि बाहेर उरते ती बॅटरी. लिथियम पॅक उघडणं हे आगीशी खेळणं आहे, त्याला वेगळी जागा आणि वेगळं शिक्षण लागतं. वाडीच्या दुकानात वार्निशच्या डब्याशेजारी तर ते अजिबात नको.

ड्राइव्ह शिकायचा कसा? एक एचपीचा नवा ड्राइव्ह घ्या, तो क्लासच्या फीपेक्षा बराच स्वस्त पडतो. एक एचपीपर्यंतची मोटार तुमच्याकडे पडलेली असेलच. सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह घेतलात तर लक्षात ठेवा, त्याचं आउटपुट थ्री फेज असलं तरी 230 व्होल्टचं असतं. म्हणून नेमप्लेटवर डेल्टा 230 आणि स्टार 415 असं लिहिलेली मोटार त्यावर डेल्टामध्येच जोडायची. कंपनीच्या वेबसाइटवर मॅन्युअल फुकट मिळतं. त्यातल्या शेकडो पॅरामीटरना घाबरू नका, रोजच्या कामाला पंधरा-वीसच लागतात: नेमप्लेटचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम, किलोवॉट, वेग वाढवण्याचा आणि कमी करण्याचा वेळ, सर्वात कमी आणि सर्वात जास्त फ्रिक्वेन्सी, सुरू-बंदची आज्ञा कीपॅडवरून की बाहेरच्या बटणावरून. मॅन्युअल इंग्रजीत असलं तरी शब्द तेच तेच येतात.

मग टेबलावर मुद्दाम बिघाड घडवा. मोटारीला जड पंखा लावा आणि वेग वाढवण्याचा वेळ अर्ध्या सेकंदावर आणा, ड्राइव्ह OC, म्हणजे ओव्हरकरंट, दाखवून थांबेल. तोच पंखा जोरात फिरत असताना थांबण्याचा वेळ अगदी कमी करा, OV, म्हणजे ओव्हरव्होल्टेज, येईल, कारण फिरता पंखा मोटारीला जनरेटर बनवून वीज उलटी ड्राइव्हमध्ये ढकलतो. अक्षरं कंपनीनुसार थोडी बदलतात, कारणं तीच राहतात. OC पाहून "ड्राइव्ह खराब" म्हणणारे पुष्कळ आहेत. तुम्ही विचाराल की तो नेमका कधी येतो, सुरू होताना, धावताना की थांबताना. सुरू होतानाच येत असेल तर वेळ कमी आहे किंवा लोड अडकला आहे. धावता धावता येत असेल तर बेअरिंग, लोड आणि वाइंडिंग पाहायचं. GF, म्हणजे ग्राउंड फॉल्ट, आला तर केबल आणि मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं, आणि ते तर तुमचं घरचंच काम.

पण नेमक्या याच ठिकाणी वाइंडरचा हात घात करतो. तुमची सवय अशी की शंका आली की मेगर लावायचा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारलात तर त्याचे 500 व्होल्ट मोटारीत जाण्याआधी ड्राइव्हच्या आतल्या आयजीबीटीला मारतील आणि हजारोंचा ड्राइव्ह तुमच्या नावावर पडेल. आधी मोटारीच्या तिन्ही वायर ड्राइव्हवरून सोडायच्या, मगच मेगर. दुसरं, सप्लाय बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका डीसी राहतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबायचं, बहुतेक ठिकाणी ती पाच ते दहा असतात. मग + आणि − टर्मिनलवर मीटर लावून खात्री करायची, डिस्प्ले विझला यावर विसंबायचं नाही. तिसरं, ड्राइव्हच्या आउटपुटचे व्होल्ट साधा मल्टिमीटर चुकीचे दाखवतो, म्हणून ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने करंट पाहा आणि तिन्ही फेजचा करंट सारखा आहे का ते तपासा. खर्च करायचा तर या मीटरवर करा.

ड्राइव्हचं कार्ड उघडून आयजीबीटी बदलायच्या फंदात मात्र पहिल्या वर्षी पडू नका. तो इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा धंदा आहे, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. तुमचं काम एवढंच सांगणं की बिघाड ड्राइव्हचा आहे, केबलचा की मोटारीचा. ते खात्रीने सांगणारा माणूसच तिथे हवा असतो.

पहिलं काम मागायला लाइन बंद पडायची वाट पाहू नका. ज्या कंपन्यांच्या मोटारी तुमच्याकडे येतात त्यांना म्हणा, तुमच्या सगळ्या ड्राइव्हचे पॅरामीटर आणि मोटारीच्या नेमप्लेट मी एका वहीत उतरवून देतो, एक प्रत तुमच्या पॅनलमध्ये, एक माझ्याकडे. किती छोट्या कारखान्यांत ही नोंद नसते ते पाहून तुम्हालाच नवल वाटेल. ड्राइव्ह मेला की नवा आणून बसवायला तासभर लागतो, पण जुनी सेटिंग कोणाला ठाऊक नसल्यामुळे दिवस जातो. या नोंदीचे पैसे थोडेच घ्या. उतरवता उतरवता तुम्हाला दहा वेगवेगळे ड्राइव्ह हाताळायला मिळतील, आणि चुकीच्या सेटिंगही सापडतील. 7.5 एचपीच्या मोटारीला 15 अँपिअरचं ओव्हरलोड लावून ठेवलेलं असतं, किंवा कन्व्हेयरची मोटार दिवसभर 15 हर्ट्झवर रांगत असते आणि शाफ्टवरचा पंखा तिला पुरेशी हवाच देत नाही. अशी मोटार सगळीकडून सारखी तपकिरी होऊन तुमच्याकडे येते आणि आपण त्याला ओव्हरलोड म्हणतो. तिला वेगळ्या सप्लायवरचा कूलिंग फॅन लागतो. ब्लोअर कमी वेगाला चालवला तर एवढी अडचण येत नाही, कारण वेगासोबत त्याचा लोडही झपाट्याने उतरतो.

वही पाहून चित्र वेगळं निघालं तर? समजा कंपन्यांच्या मोटारी कमी आणि कळमेश्वर, सावनेर, काटोलकडच्या शेतकऱ्यांचे पंप जास्त. तरीही मी ड्राइव्हपासूनच सुरुवात करा म्हणेन, फक्त पुढचं वळण बदला. सौर कृषी पंपाचा कंट्रोलर, पंप एसी असेल तर, आतून ड्राइव्हच आहे. पॅनलचं डीसी घेऊन तो थ्री फेज बनवतो आणि ऊन चढेल तशी फ्रिक्वेन्सी वाढवतो. ढग आला की फ्रिक्वेन्सी उतरते, आणि एका मर्यादेखाली पंप फिरतो पण पाणी वर येत नाही. शेतकरी तेव्हा पंप बिघडला म्हणून फोन करतो. मागेल त्याला सौर कृषी पंप या 2024 च्या योजनेतल्या पंपांना पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची आहे, त्यांना हात लावू नका, शेतकऱ्याची हमी जाईल. पण 2018-19 च्या सुमारास आलेल्या आधीच्या योजनेतले पंप त्या मुदतीच्या बाहेर आले आहेत. गावात किती आहेत ते मोजा. काही पंप डीसी, ब्रशलेस मोटारीचे असतात, त्यांचं गणित वेगळं, ते सुरुवातीला बाजूला ठेवा.

क्लासवाल्याला आत्ता नाही म्हणा. सहा महिन्यांनी तुमच्या गिऱ्हाइकांपैकी दोघा-तिघांनी "ड्राइव्हला पीएलसीकडून सिग्नल येतो की नाही तेवढं पाहून द्या" असं म्हटलं, तर परत जा आणि त्याला तीन गोष्टी विचारा: प्रत्येकाला हातात खरं पीएलसी किती तास मिळेल, ड्राइव्हशी जोडून दाखवणार का, आणि मागच्या बॅचमधला हिंगण्यात किंवा बुटीबोरीत काम करणारा एक तरी माणूस फोनवर बोलायला मिळेल का. तिसऱ्या प्रश्नावर तो प्लेसमेंटचा बोर्ड दाखवू लागला, तर फोन नंबरच मागा.